हसरी आणि बसलेली

ऑफिसात तिला सगळे तराजू म्हणत. तोंडावर तराजूबाई, पाठीमागे नुसतं तराजू. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, आणि तिलाही त्याचं फारसं काही वाटत नसे. वय एकोणपन्नास, अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. तिची बहीण म्हणायची, हिला भाजीत मीठ घालायला सांगितलं तर आधी विचारेल, किती, आणि कोणाच्या जिभेने.

आयुष्यातली अठरा वर्षं तिने बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काढली होती. दोन ट्रे, प्रत्येकात शंभर दाणे, कुठल्या वाणाचे किती उगवतात ते मोजायचं, एवढंच काम. पण एक ट्रे खिडकीजवळ राहिला आणि दुसरा भिंतीकडे, तर आपण बियाणं मोजत नसतो, खिडकी मोजत असतो. ही गोष्ट तिच्या हाडीमासी खिळली होती. पुढे प्रयोगशाळा बंद पडली. चाळिशी उलटल्यावर ती निम्म्या वयाच्या मुलांबरोबर क्लासात बसली, कॉम्प्युटरवर आकडे कसे हाताळतात ते शिकली, आणि बूट बनवणाऱ्या या कंपनीत लागली. दाण्यांच्या जागी माणसं आली. वेबसाइटवर किती आली, किती थांबली, कुठे बोट लावलं, हे ती मोजायची.

कंपनी एकाच प्रकारचे बूट बनवायची. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांचे. नर्स, दुकानातले विक्रेते, हॉटेलातले आचारी. खाली कारखाना, वर ऑफिस. जिना चढताना डिंकाचा आणि रबराचा वास नाकात बसायचा तो संध्याकाळी घरी केस धुतल्यावरच जायचा. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. वडिलांच्या पश्चात धंदा त्यांनी दुकानांतून काढून वेबसाइटवर आणला होता, आणि तेव्हापासून त्या कधी नीट जेवताना कोणाला दिसल्या नव्हत्या.

तर वेबसाइट उघडली की माथ्यावर जे भलंमोठं चित्र दिसतं, ज्याला ऑफिसात हिरो इमेज म्हणत, ते बदलायचं ठरलं. चित्र करायचं काम फोटोवाल्याकडे आलं.

फोटोवाला पन्नाशीच्या पुढचा. कधीकाळी त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. आता तो इथे बसून, शब्दांत वर्णन लिहून दिलं की चित्र तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडून चित्रं काढून घ्यायचा. नोकरी पक्की नव्हती, महिन्या-महिन्याने पुढे ढकलली जायची. या कामाबद्दल तो फार बोलत नसे. एकदाच म्हणाला होता, "पूर्वी मी प्रकाशाची वाट बघायचो. आता प्रकाश मागवतो."

मॅडमना हसरी नर्स हवी होती. उजळ कॉरिडॉर, पांढरा गणवेश, पायात आपले बूट, ताठ उभी, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. फोटोवाल्याने ती करून दिली. पण त्याबरोबर न सांगता आणखी एक चित्र आणलं. तीच नर्स, तोच कॉरिडॉर, पण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली. एक बूट काढून बाजूला ठेवलाय, पाऊल हातात घेतलंय, डोळे मिटलेले. मॅडम चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, छान आहे, पण लोकांना रडकं चित्र दाखवून बूट विकतात का?

फोटोवाल्याने वाद घातला नाही. तराजूकडे बघून म्हणाला, "यांना विचारा. यांचं कामच ते आहे."

असं ते घोंगडं तराजूच्या गळ्यात पडलं.

तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की विचारून काही कळणार नाही. माणसाला विचारलं की तो आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. दोन्ही चित्रं एकाच वेळी चालवायची. येणाऱ्या प्रत्येकाला नाणं उडवल्यासारखं, कुठलाही हिशेब न लावता, दोन्हीपैकी एक दाखवायचं. एकदा ज्या फोनवर हसरी दिसली, त्यावर पुन्हा हसरीच दिसायची. चित्राखालचं 'माप निवडा' हे बटण शंभरातले किती जण दाबतात, तेवढंच बघायचं. आणि पूर्ण दोन आठवडे, कारण रविवारी येणारी माणसं आणि मंगळवारी येणारी माणसं सारखी नसतात. मधेच कोणी पुढे गेलं म्हणून थांबवायचं नाही. हे सगळं तिने सुरुवात होण्याआधी एका कागदावर लिहिलं आणि मॅडमची सही घेतली. मॅडम हसल्या. "चित्रांची टक्कर आहे, जमिनीचा दावा नाही," म्हणाल्या. पण सही केली.

फोटोवाल्याचा खरा छळ त्यानंतर सुरू झाला. तराजू त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि विचारू लागली, हसरी किती चित्रांतून निवडलीत? तो म्हणाला, पाच-सहा. आणि बसलेली? त्याने फोल्डर उघडून बघितलं. सत्तर-पंच्याहत्तर असतील. मग ती म्हणाली की हे काही बरोबर नाही, एका पोराला वर्षभर शिकवणी आणि दुसऱ्याला परीक्षेच्या सकाळी पुस्तक. शेवटी दोघींची चाळीस-चाळीस चित्रं काढायची ठरली आणि प्रत्येकीतलं सर्वांत चांगलं घ्यायचं. चेहरा दोन्हीकडे एकाच बाईचा. उजेड एकाच बाजूने. वरची ओळ तीच, बटणाचा रंग तोच, जागा तीच. बसलेलीच्या एका चित्रात पायाला सहा बोटं निघाली, ते बाद. हसरीच्या सगळ्याच चित्रांत सॉफ्टवेअरने बुटांना मनाने नाड्या लावून दिल्या होत्या, आणि कंपनीच्या बुटांना नाड्याच नसतात. म्हणून बूट खरे, कारखान्यातून आणून फोटो काढलेले, दोन्ही चित्रांत वरून बसवले. या सगळ्यात चार दिवस गेले. फोटोवाल्याच्या नाकी नऊ आले, पण त्याने एकदाही आवाज चढवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, चहा घेताना, त्याने आपण होऊन सांगितलं. बायकोच्या शेवटच्या आजारपणात तो सहा आठवडे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होता. तिथे पाळी बदलायच्या वेळी एक नर्स रोज त्या टोकाच्या स्टुलावर येऊन बसायची, एक बूट काढायची, मिनिटभर डोळे मिटायची, आणि पुन्हा बूट चढवून निघून जायची. "चाळीस वर्षांत इतका चांगला फोटो माझ्यासमोर कधी आला नव्हता," तो म्हणाला. "आणि कॅमेरा काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

तराजूने त्याचा रिकामा कप उचलला आणि आपल्या कपाबरोबर धुऊन ठेवला.

खरं सांगायचं तर तिलाही बसलेलीच आवडली होती. पण आपली आवड तिने कागदावर कुठेच येऊ दिली नाही. आधी एक आठवडा दोन्ही बाजूंना एकच चित्र, जुनं, लावून बघितलं. दोन्हीकडे सारखेच आकडे आले, म्हणजे मोजायचं यंत्र तरी कुणाच्या बाजूचं नाही. ऑफिसातल्या लोकांचे फोन मोजणीतून वगळले. एक प्रश्न राहिला होता, की माणूस नेमका कधी मोजायचा. तिने विचार केला, ज्याला चित्र दिसलंच नाही त्याला का मोजा? म्हणून तिनेच सांगितलं, चित्र पूर्ण उमटलं की मगच एक आकडा वाढवा. वेबसाइट सांभाळणाऱ्याने तसं करून दिलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी होती, पण त्या वेळी कोणालाच तसं वाटलं नाही.

दोन आठवडे ती रोज फक्त एकच बघायची, सगळं चालू आहे की बंद. क्लिकचे आकडे तिने स्वतःपासूनही झाकून ठेवले. मॅडम दोनदा येऊन गेल्या, कोण पुढे म्हणून. ती म्हणायची, अजून शिजतंय.

पंधराव्या दिवशी सकाळी तिने पान उघडलं. हसरी शंभरात चार पूर्णांक दोन. बसलेली चार पूर्णांक नऊ. एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडणं अवघड होतं, तिने दोनदा करून पाहिलं. तिला हसू फुटलं. इतक्या वर्षांत आकडे बघून तिला असं झालं नव्हतं.

तेवढ्यात मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आकडे वाचले आणि तिथेच खुर्चीत बसल्या. मग गोष्टी भराभर झाल्या. दुपारपर्यंत फोटोवाल्याला आत बोलावणं गेलं. आचाऱ्याचं, दुकानातल्या बाईचं, न्हाव्याचं, सगळी चित्रं याच धर्तीवर करायची. पुढच्या महिन्यापासून नोकरी पक्की. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कसनुसा झाला होता, हसावं की नाही ते न ठरलेल्या माणसासारखा. तराजूच्या टेबलापाशी थांबून त्याने नुसती मान हलवली आणि पुढे गेला.

ती अहवाल लिहायला बसली. नेहमीप्रमाणे पहिली ओळ, कोणाला किती जणांनी पाहिलं. हसरी, चौदा हजार एकशे वीस. बसलेली, बारा हजार सहाशे नव्वद.

ती थांबली. नाणं उडवून वाटणी केली होती. सत्तावीस हजार वेळा नाणं उडवलं तर दोन्ही बाजूंत शंभर-दीडशेचा फरक पडेल, दोनशेचा पडेल. चौदाशेचा पडत नाही. बसलेलीच्या बाजूची चौदाशे माणसं कुठेतरी गेली होती.

तिने अहवाल तसाच ठेवला. वेबसाइट सांभाळणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला वाटणी बरोबर होतेय, निम्मी-निम्मी, हे बघा. म्हणजे वाटताना सारखी आणि मोजताना कमी. त्या दिवशी तिला त्यापुढे काही सुचलं नाही. तिने मॅडमना सांगितलं, अहवाल उद्या देते.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच राहत. ताई नर्स. एकतीस वर्षं झाली नोकरीला. संध्याकाळी तराजू पोचली तेव्हा ताई कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती, समोर भाजी चिरायची पडलेली. तराजूने विळी जवळ ओढली. दिवसभराचं सांगून झालं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघू तरी कोण ही तुमची बसलेली.

ताईचा फोन जुना. काच तडकलेली, नेट कसंबसं चालणारं. तिच्या मुलाने नवा देऊ केला होता, तिने घेतला नव्हता. तिने पत्ता टाकला. पान उघडलं. वरची ओळ आली, बटण आलं, पण चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन. मग वरून कॉरिडॉरची एक पट्टी. मग आणखी एक. नर्सचे केस, खाली झुकलेलं कपाळ. वाटणी अजून चालू होती, आणि ताईच्या वाट्याला बसलेलीच आली होती.

"पाय कुठे आहेत हिचे?" ताई म्हणाली.

"येतील."

"तोवर मी पेन्शनीत जाईन." तिने पान बंद केलं आणि फोन ओट्यावर ठेवला. वर म्हणाली, "आणि एक सांगू? कॉरिडॉरमध्ये बूट काढून कोणी बसत नाही. बसलीस की कोणीतरी हाक मारतंच."

विळीवर तराजूचा हात थांबला होता. हाक वगैरे तिच्या कानावरही गेलं नाही. ती त्या बंद झालेल्या पानाकडे बघत होती. ताई आली होती, वाटणीत धरली गेली होती, आणि चित्र पूर्ण उमटायच्या आत निघून गेली होती. म्हणजे हिशेबात ती आलीच नव्हती.

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने दोन्ही चित्रांचं वजन बघितलं, म्हणजे फाइल किती मोठी आहे ते. बसलेली हसरीच्या नऊपट जड होती. बाकी सगळं उघड होतं. ज्यांचे फोन जुने, ज्यांचं नेट मंद, ते बसलेलीची वाट न बघता निघून जात होते. आणि असे लोक हसरीकडेही फारसे क्लिक करत नव्हते, चिकाटी संपलेलीच असायची. हसरीच्या बाजूला ते मोजले जाऊन तिची सरासरी खाली ओढत होते. बसलेलीच्या बाजूला ते मोजलेच जात नव्हते. तिने त्या चौदाशेंना परत धरून पाहिलं, तर बसलेली चार पूर्णांक चारवर आली. हसरी चार पूर्णांक दोन. एवढा फरक सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसांत आपोआपही पडतो.

आणि हा सापळा तिनेच लावला होता. चित्र उमटल्यावरच मोजा, असं सांगणारी तीच. जुनं चित्र दोन्हीकडे लावून जी खात्री करून घेतली होती, तिचाही उपयोग नव्हता, कारण तेव्हा दोन्ही बाजूंचं वजन एकच होतं.

थकवा येतो तो कामाचा नसतो, हे तिला त्या सकाळी कळलं. पुन्हा सगळं करायचंय, आणि त्याआधी ते कोणाकोणाला सांगायचंय, या विचाराने अंगातलं बळच गेलं होतं. अहवाल तयारच होता. पहिली ओळ गाळली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता.

मॅडमच्या आधी ती फोटोवाल्याकडे गेली. तो आचाऱ्याच्या चित्रावर बसला होता. वाफेतून दिसणारा चेहरा, खांद्यावर फडकं. चांगलं होत होतं.

तिने फाइलचं विचारलं. त्याने लपवलं नाही.

"लहान करून पाहिली होती," तो म्हणाला. "पण लहान केली की पायावरच्या शिरा जातात. पाऊल मेणाचं दिसायला लागतं. ते सगळं चित्रच त्या पावलात आहे, तराजूबाई. म्हणून ती एक तशीच चढवली."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही लहान करायला लावली असती."

हे खरंच होतं. तिने सगळं सांगितलं, चौदाशे माणसांचं, ताईच्या फोनचं, आणि मोजायची जागा आपणच चुकीची धरली तेही. पडद्यावरचा आचारी तसाच अर्धा होता.

"म्हणजे ती जिंकली नाही," शेवटी तो म्हणाला.

"जिंकली की नाही ते माहीत नाही. एवढंच म्हणता येतं."

"आणि हे तुम्ही मॅडमना सांगणार."

"हो."

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे चोळले. "माझी नोकरी पक्की झाली काल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मॅडमचं वेगळं. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही, बसलेलीचं चित्र घालून कालच छपाईला दिलेल्या पत्रकांबद्दल छापखान्याशी फोन चालू होता. फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, हे बाहेर कोणाला कळणार आहे का? तराजू म्हणाली, कोणालाच नाही. मॅडम खिडकीतून खाली कारखान्याकडे बघत राहिल्या. पहिल्यापासून मला हसरीच हवी होती, त्या म्हणाल्या. मग तुम्ही मला पटवलंत की मी चुकले. आता म्हणताय की चुकलात तुम्ही. मी कोणाचं धरू?

"कोणाचंच नको," तराजू म्हणाली. "आणखी दोन आठवडे द्या. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

मॅडमनी कपाळ चोळलं. मग म्हणाल्या, द्या लिहून. पत्रकं थांबवली गेली. छापखानेवाला ओरडला, ते त्यांनी स्वतःच ऐकून घेतलं.

दुसरी फेरी रटाळ होती. दोन्ही फाइली एकाच वजनाच्या केल्या, अर्ध्या अक्षराचाही फरक नाही म्हणावं इतक्या. माणूस पान मागतो आणि त्याला बाजू वाटून दिली जाते, त्याच क्षणी त्याची मोजणी, चित्र दिसो न दिसो. रोज सकाळी ती आधी दोन्हीकडची डोकी मोजायची. पहिल्या दिवशी एक हजार तीन आणि नऊशे अठ्ठ्याण्णव. पुढेही तसंच, कधी ही बाजू थोडी वर, कधी ती. ते जुळलेले आकडे बघून तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती नुसती खूण करून पुढच्या कामाला लागायची. फोटोवाला तिच्याशी कामापुरतं बोलायचा. चहा तो आता खाली कारखान्यातल्या लोकांबरोबर घ्यायचा. जिन्यात गाठ पडली की बाजूला होऊन तिला वाट द्यायचा, पूर्वीपेक्षा जास्त अदबीने, आणि तेच तिला टोचायचं.

त्या दिवसांत ताईने एकदा तिला विचारलं होतं, एवढं कशाला जिवाला लावून घेतेस, चित्रच तर आहे. तराजू म्हणाली, चित्राचं नाही गं. मग कशाचं ते तिला सांगता येईना. ताईने पुढे विचारलं नाही. तिचाही दिवस लांबलेला होता.

दोन आठवडे संपले. हसरी चार पूर्णांक तीन, बसलेली चार पूर्णांक एक. दोन्हीकडे चौदा हजार आणि थोडी वर माणसं. दोन दशांशाचा फरक, तोही या खेपेला उलट्या बाजूला. म्हणजे सांगण्यासारखा फरक काही नव्हता.

मॅडमच्या खोलीत त्या दिवशी तिघंही होती. तराजूने कागद समोर ठेवला.

"म्हणजे दीड-दोन महिने मोजून तुम्ही मला सांगताय की दोन्ही सारखीच?" मॅडम म्हणाल्या.

"सारखीच असं नाही म्हणत. फरक असेलही, पण लहान असेल. एवढ्या माणसांत तो दिसत नाही. दिसायला हवा असेल तर वीस-पंचवीस पट माणसं लागतील, आणि तेवढी आपल्याकडे वर्षभरात जेमतेम येतात."

"मग निवडायचं कसं?"

"तुम्हाला हवं ते निवडा. नुकसान नाही. आकडे सांगतात म्हणून निवडलं, एवढंच म्हणू नका."

मॅडम हसल्या. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, आणि तेही दमून. त्यांनी हसरी निवडली. म्हणाल्या, सकाळी दुकान उघडताना मला कोणीतरी ताठ उभं दिसू दे. फोटोवाल्याने मान खाली घातली. मग मॅडमनी त्याला विचारलं, आचाऱ्याचं कुठवर आलं? तो म्हणाला, आलंय, पण आता ते थांबवायचं ना? त्या म्हणाल्या, का थांबवायचं, ती वाईट आहेत असं कुठे निघालंय? आठवड्यातून तीन दिवस या. पक्कं नाही म्हणत, पण तीन दिवस तरी नक्की या.

पूर्ण नोकरीचं ते काही झालं नाही. तो तीन दिवस येऊ लागला, उरलेल्या दिवसांत कुठल्याशा शाळेत मुलांना कॅमेरा शिकवायला जाऊ लागला. बसलेली नर्स वेबसाइटवरून उतरली. बूट परत पाठवायची पद्धत समजावणाऱ्या पानावर तिला लहानशी जागा मिळाली, जिथे कोणीच फारसं जात नाही.

पुढच्या महिन्यात कंपनीने पायमोजेही विकायला घेतले, त्यांचं पान आलं. पुन्हा दोन चित्रं. एकात मोज्यांची घडी, दुसऱ्यात दोरीवर वाळणारे मोजे. तराजू कागद काढून नियम लिहायला बसली, काय मोजायचं, किती दिवस, किती माणसं. लिहिताना बोटं दुखत होती, डोळे चुरचुरत होते. वय झालं, तिने मनात म्हटलं.

फोटोवाला टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने न बोलता एक चिठ्ठी पुढे केली. त्यावर दोन्ही फाइलींची वजनं त्याने स्वतःच लिहून आणली होती, एकाखाली एक. सारखीच होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन्हींची पंचवीस-पंचवीस काढली.

"दोरीवाल्यात कापडाची वीण गेली थोडी," तो म्हणाला.

"फार गेली?"

"मला दिसते. बाकी कोणाला दिसणार नाही."

तिने चिठ्ठी नियमांच्या कागदाला टाचणी लावून जोडली. तो अजून उभाच होता. मग म्हणाला, चहा घ्यायला खाली जातोय, येता का? तिने चष्मा पुसला, खुर्ची मागे सारली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.